गेमिंग पीसीचा बायोस अपडेट: कधी करायचा, कधी हात लावायचा नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बायोसबद्दलचे बहुतेक प्रश्न एकाच प्रसंगातून येतात. चार-पाच वर्षांपूर्वी रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्डवर बांधलेला पीसी आहे, बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा आहे, आणि दुकानदार म्हणतो, "आधी बायोस अपडेट करून घ्या." म्हणून खालच्या उत्तरांत हाच पीसी उदाहरणाला धरला आहे: एमएसआयचा बी४५० टोमाहॉक मॅक्स बोर्ड, १६ जीबी ३२०० ची रॅम, विंडोज ११, आणि नवा प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स३डी. इतर कंपन्यांच्या बोर्डांत नावं आणि बटणं बदलतात, क्रम तोच राहतो.

बायोस अपडेट करताना नेमकं काय बदलतं?

मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते, साधारण १६ किंवा ३२ एमबीची. पीसी चालू झाल्यावर सगळ्यात आधी तिच्यातला प्रोग्राम चालतो. तो प्रोसेसर ओळखतो, रॅमला वेग लावून देतो, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क शोधतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. अपडेट म्हणजे या चिपवरचा जुना मजकूर पुसून नवा लिहिणं. विंडोज, गेम, फोटो हे सगळं एसएसडीवर असतं, त्याला धक्का लागत नाही.

धोका असतो तो पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या दोन-चार मिनिटांत. तेवढ्यात वीज गेली तर चिपवर जुना प्रोग्रामही पूर्ण नसतो आणि नवाही, मग पीसी सुरूच होत नाही. बाकीची सगळी काळजी या दोन-चार मिनिटांसाठी घ्यायची.

अपडेट केल्यावर एफपीएस वाढतो का?

नुसत्या अपडेटने जवळपास कधीच नाही. वाढलाच, तर त्या अपडेटमुळे मिळालेल्या एखाद्या सोयीमुळे वाढतो. जुन्या बी४५० बोर्डांना रिसायझेबल बारची, म्हणजे प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय बायोस अपडेटमधूनच आली. तुमचं कार्ड ती वापरत असेल तर काही गेममध्ये थोडा फरक पडतो, काहींत अजिबात पडत नाही.

उलट अपडेटनंतर एफपीएस कमी झाल्याची तक्रार जास्त येते. तिचं कारण आणि उपाय खाली वेगळ्या प्रश्नात दिला आहे.

मग अपडेट करणं खरंच गरजेचं कधी असतं?

पहिलं आणि सगळ्यात ठोस कारण म्हणजे नवा प्रोसेसर. आपल्या उदाहरणातला ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ मध्ये आला आणि टोमाहॉक मॅक्स २०१९ चा आहे. बोर्डवरच्या जुन्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नसतो. तो तसाच बसवला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते आणि बोर्डवरचा CPU नावाचा छोटा दिवा पेटून राहतो. प्रोसेसर खराब आला असं वाटून लोक तो परत करायला जातात, आणि दोष बायोसचा असतो.

दुसरं कारण म्हणजे कंपनीने नाव घेऊन मान्य केलेला, तुम्हाला प्रत्यक्ष जाणवणारा दोष. याचं चांगलं उदाहरण रायझनच्या एफटीपीएमचं, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या सुरक्षा-किल्ल्यांच्या कप्प्याचं आहे. विंडोज ११ साठी एफटीपीएम चालू केल्यावर काही पीसींवर गेम मधूनच क्षणभर अडखळायचा, आवाजही तुटायचा. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे मान्य केलं आणि AGESA, म्हणजे एएमडी बोर्ड कंपन्यांना देते त्या मूळ कोडच्या, 1.2.0.7 व्हर्जनपासूनच्या बायोसमध्ये दुरुस्ती दिली. असा अडखळणारा पीसी आणि त्याहून जुना बायोस असेल तर अपडेट करावाच.

तिसरं कारण, प्रोसेसरला इजा होऊ शकते अशी चूक. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले आय७, आय९ आणि आय५-१३६००के, १४६००के हे प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून हळूहळू झिजत होते. त्यावरचा 0x12B हा मायक्रोकोड सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि तो बायोसमधून मिळतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर एप्रिल २०२३ मध्ये काही ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले, त्यानंतरच्या बायोसने एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. या दोन्ही ठिकाणी "चालतंय तोवर चालू दे" हे धोरण चुकीचं आहे. मात्र इंटेलचा जो प्रोसेसर आधीच बिघडून गेम क्रॅश करू लागलाय, तो अपडेटने बरा होत नाही. तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

आणि हात कधी लावायचा नाही?

पीसी व्यवस्थित चालतोय, प्रोसेसर बदलायचा नाही आणि नव्या बायोसच्या माहितीत तुमच्याशी जुळणारी एकही ओळ नाही, तर राहू द्या. "सिस्टीम स्टेबिलिटी सुधारली" एवढंच लिहिलेलं असेल तर स्थिर पीसीला त्यातून काही मिळत नाही. तुमची चार रॅमची बैठक कशीबशी जमलेली असेल तर नव्या बायोसमध्ये ती विस्कटूही शकते, कारण रॅमच्या टायमिंगचा हिशेब बदललेला असतो.

पानावर बीटा लिहिलेला बायोस, तो सोडवत असलेली अडचण तुम्हाला स्वतःला नसेल तर, घेऊ नये. पीसी अधूनमधून आपोआप बंद पडतोय, ब्लू स्क्रीन येतेय, म्हणून "बायोस करून बघू" हे तर अगदी टाळा. फ्लॅश करतानाच तो बंद पडला तर दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो. आधी रॅम, एसएमपीएस आणि तापमान तपासा.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं मत आम्ही वेगळं ठेवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालेल्या सिंकक्लोजसारख्या त्रुटीचा फायदा घ्यायला हल्लेखोराने आधी विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं. त्यामुळे त्याच रात्री फ्लॅश करायची घाई नको. पण पुढे कधी अपडेट कराल तेव्हा ती दुरुस्ती असलेलाच बायोस घ्या. क्रॅक केलेले गेम आणि चीट टाकणाऱ्यांनी मात्र ही त्रुटी गंभीरपणे घ्यावी, कारण तसली सॉफ्टवेअर गाभ्यापर्यंतची परवानगी मागूनच आत शिरतात.

माझ्या बोर्डवर कोणता बायोस आहे हे कसं बघायचं?

पॉवरशेल उघडून या दोन ओळी चालवा:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

बोर्डचं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. बी४५० टोमाहॉक आणि बी४५० टोमाहॉक मॅक्स हे दोन वेगळे बोर्ड आहेत आणि त्यांच्या फायलीही वेगळ्या. दोन्हींच्या फायलींचं नाव `7C02` नेच सुरू होतं, त्यामुळे नुसत्या त्यावरून फाइल ओळखू नका. गिगाबाइटमध्ये बी४५०एम डीएस३एच आणि त्याचा व्ही२ यांत हमखास गोंधळ होतो. खात्री नसेल तर कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डवर छापलेलं नाव आणि रिव्हिजन वाचा.

त्याच वेळी `msinfo32` उघडून BIOS Mode समोर UEFI आहे की Legacy तेही टिपून ठेवा. Legacy असेल तर अपडेटनंतर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय, बंद होऊन विंडोज सापडत नाही असं होऊ शकतं. तसं झालं तर घाबरून विंडोज पुन्हा टाकू नका, बायोसमध्ये सीएसएम परत चालू करा.

३६०० काढून ५७००एक्स३डी बसवायचा आहे. क्रम कसा ठेवायचा?

सगळ्यात महत्त्वाचं हे की अपडेट जुना ३६०० बसलेला असतानाच करायचा. बरेच जण उत्साहात आधी प्रोसेसर बदलून मोकळे होतात आणि मग काळ्या स्क्रीनसमोर बसतात.

बोर्डच्या अधिकृत सपोर्ट पानावर प्रोसेसरची यादी असते. तिच्यात ५७००एक्स३डी शोधा. त्याच्यासमोर तो कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं. तेवढा किंवा त्यानंतरचा, बीटा नसलेला बायोस उतरवा. त्या बायोसखालची माहिती पूर्ण वाचा. काही बोर्डांना आधी एक मधला बायोस टाकावा लागतो, आणि काही नव्या बायोसमधून फार जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलेला असतो, कारण १६ एमबीच्या चिपमध्ये सगळं मावत नाही.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि FAT32 मध्ये फॉरमॅट करा. झिप फाइल उघडून आतली बायोसची फाइल पेनड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा, फोल्डरमध्ये नाही. झिप तशीच टाकली तर बायोसला ती दिसत नाही.

मग पीसी रीस्टार्ट करून Delete दाबत बायोसमध्ये जा आणि आहेत त्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा: रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं ए-एक्सएमपी प्रोफाइल, पंख्यांचे आलेख, बूटचा क्रम, सिक्युअर बूट, आणि अँड्रॉइड इम्युलेटर वापरत असाल तर एसव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअलायझेशनचं सेटिंग. प्रोफाइल सेव्ह करून ठेवण्यापेक्षा फोटो बरा, कारण जुन्या बायोसमधलं सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्यावर चढवू नये. ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट केलेलं असेल तर F6 दाबून सगळं मूळ सेटिंगवर आणा, F10 ने सेव्ह करा आणि परत बायोसमध्ये या.

खालच्या प्रश्नांतली बिटलॉकर आणि यूपीएसची तयारी झाली असेल तरच आता M-Flash निवडा. पीसी रीस्टार्ट होऊन फ्लॅशच्या पडद्यावर येतो, तिथे फाइल निवडून होकार द्यायचा. पुढची काही मिनिटं पट्टी पुढे सरकते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. या काळात माउस, की-बोर्ड, पेनड्राइव्ह कशालाही हात लावू नका. (गिगाबाइटमध्ये यालाच क्यू-फ्लॅश, असूसमध्ये ईझेड फ्लॅश आणि एएसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश म्हणतात. विंडोजमधून फ्लॅश करणारी सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीची असोत, ती वापरू नका. विंडोज मध्येच अडकलं तर फ्लॅशही अडकतं.)

झाल्यावर बायोसमध्ये जाऊन नवा व्हर्जन दिसतोय का बघा, F6, F10 करा आणि जुन्या ३६०० वरच एकदा विंडोज चालू होऊ द्या. इथवर सगळं ठीक असेल तरच मागचं बटण बंद करून, वायर काढून प्रोसेसर बदला. बंद करण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून थर्मल पेस्ट कोमट होऊ द्या आणि कूलर ओढण्याऐवजी हलक्या हाताने पिरगाळून सोडवा. नाहीतर एएम४ चा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ५७००एक्स३डी च्या खोक्यात कूलर येत नाही आणि ३६०० सोबतचा छोटा कूलर याला पुरत नाही, तेव्हा वेगळा टॉवर कूलर आधीच आणून ठेवा.

नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीनवर "fTPM NV corrupted" असं काहीतरी येतं. Y दाबू की N?

हा संदेश बिघाडाचा नाही. एफटीपीएमच्या किल्ल्या जुन्या प्रोसेसरशी बांधलेल्या होत्या आणि प्रोसेसर बदलला, एवढंच तो सांगतो. Y दाबलं की त्या किल्ल्या पुसून नव्याने सुरुवात होते, आणि जुना प्रोसेसर परत लावायचा नसेल तर Y हेच उत्तर आहे. पण विंडोजची डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर Y नंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. विंडोज होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू असू शकतं, त्यामुळे "मी कधी लॉक केलंच नाही" यावर विसंबू नका.

म्हणून फ्लॅश करण्याआधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

पहिल्या ओळीने Protection On दिसलं तरच दुसरी चालवा. आधी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून कागदावर लिहा, मोबाइलमध्येही ठेवा. सगळं काम आटोपल्यावर संरक्षण परत चालू करायचं:

```
manage-bde -protectors -enable C:
```

विंडोज हॅलोचा पिन मात्र पुन्हा सेट करावा लागतो. त्यासाठी अकाउंटचा पासवर्ड लक्षात असल्याची खात्री आधीच करून घ्या.

आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. कधी करावं?

कोल्हापुरात दोन काळ टाळावेत. एक एप्रिल-मे मधली वळवाची संध्याकाळ, जेव्हा चार वाजता ऊन असतं आणि पाचला वारं सुटून तारा हलू लागतात. दुसरा जुलै-ऑगस्टचा संततधार पाऊस, जेव्हा लाईट पूर्ण जात नाही पण क्षणभर डोळा मिचकावून येते. फ्लॅशसाठी दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण पीसी बंद व्हायला तेवढा क्षणही पुरतो. सकाळची शांत वेळ निवडा, आणि त्या दिवशी तुमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे का ते आधी बघून ठेवा.

यूपीएस असेल तर उत्तमच. साधा ६०० व्हीए चा यूपीएस जोरात गेम चालू असताना हात टेकतो, पण बायोसच्या पडद्यावर ग्राफिक्स कार्ड जवळपास निवांत असतं आणि अख्खा पीसी साधारण शंभर वॅटच्या आसपासच ओढतो. तेवढं तो सहज पेलतो, फक्त बॅटरी जिवंत पाहिजे. दोन-तीन वर्षांची बॅटरी हिरवा दिवा दाखवते आणि वेळेला क्षणात बसते.

याची चाचणी सोपी आहे आणि ती कराच. M-Flash मध्ये जाण्याआधी, पीसी साध्या बायोसच्या पडद्यावर असताना, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. या पडद्यावर चिपवर काही लिहिलं जात नसतं, त्यामुळे पीसी बंद पडला तरी नुकसान नाही. पाच मिनिटं टिकला तर प्लग परत लावा, बॅटरी चार्ज होऊ द्या आणि मग फ्लॅश करा. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा आणि मेन स्विच पाडून हीच चाचणी घ्या. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला झेपेलच असं नाही.

यूपीएस, इन्व्हर्टर दोन्ही नसेल तर मित्राचा यूपीएस तासाभरासाठी आणा किंवा राजारामपुरी-शाहूपुरीतल्या एखाद्या कॉम्प्युटर दुकानात पीसी नेऊन तिथे करून घ्या.

फ्लॅश झालं, पण स्क्रीन काळीच आहे. किती वेळ थांबू?

एएम४ वर दोन-तीन मिनिटं, एएम५ आणि डीडीआर५ असेल तर पंधरा मिनिटांपर्यंत. नवा बायोस रॅमला नव्याने वेग जुळवून बघत असतो. त्यात पीसी एक-दोनदा आपोआप बंद होऊन चालूही होतो. या वेळी पॉवर बटण दाबून ठेवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. तेवढं थांबूनही काही आलं नाही तर वीज बंद करा, वायर काढा, बोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून परत लावा आणि एकच रॅम ठेवून चालू करून बघा.

अपडेटनंतर गेम आधीपेक्षा हळू चालतायत. व्हॅलोरंट तर उघडतच नाही.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० च्या जागी २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर कारण सापडलं. अपडेटने सगळी सेटिंग मूळपदावर आली आणि ए-एक्सएमपी बंद झालं. बायोसमध्ये ते परत चालू करा, रायझनवर फरक लगेच दिसतो.

व्हॅलोरंटचंही तसंच. विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. VAN9001 आला तर एफटीपीएम बंद पडलंय, VAN9003 आला तर सिक्युअर बूट. दोन्ही बायोसमधून चालू होतात, गेम पुन्हा उतरवायची गरज नाही. सिक्युअर बूट चालू करण्याआधी सीएसएम बंद असावं लागतं.

मध्येच लाईट गेली आणि आता पीसी मेला. बोर्ड फेकायचा का?

नाही. टोमाहॉक मॅक्सच्या मागच्या बाजूला Flash BIOS चं बटण आहे. त्याला प्रोसेसर, रॅम, स्क्रीन यांपैकी काहीच लागत नाही, फक्त २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर पुरते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बायोसच्या फाइलचं नाव बदलून `MSI.ROM` करा (M-Flash साठी हे करावं लागत नाही, या बटणासाठी लागतंच), FAT32 पेनड्राइव्ह नेमलेल्या यूएसबी पोर्टमध्ये घाला आणि बटण दाबा. दिवा काही मिनिटं लुकलुकत राहून थांबला की झालं. काही सेकंदांतच थांबला तर फाइल वाचलीच गेली नाही असं समजा: नाव तपासा, `MSI.ROM.txt` तर झालं नाही ना ते बघा, आणि जुना यूएसबी २.० पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा करा. गिगाबाइटच्या क्यू-फ्लॅश प्लसला `GIGABYTE.bin` हे नाव लागतं.

बोर्डला असं बटणच नसेल तर चिप बाहेरून प्रोग्राम करावी लागते. लॅपटॉप आणि टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे त्यासाठी CH341A हा स्वस्त प्रोग्रामर असतो. देताना त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा: चिपवरचा नंबर वाचून व्होल्टेज तपासा. `W25Q256JV` ही ३ व्होल्टची चिप आहे आणि `W25Q256JW` १.८ व्होल्टची. एएम४ बोर्डांवर १.८ व्होल्टच्या चिपा बऱ्याच असतात. त्यांना ॲडॅप्टर न लावता ३.३ व्होल्ट दिले तर चिप जाते. आणि काही लिहिण्याआधी चिपवर आहे ते वाचून एक प्रत काढायला सांगा, कारण लॅनचा मॅक ॲड्रेस आणि बोर्डचा सिरीयल नंबर बऱ्याचदा तिथेच असतो.

नवा बायोस आवडला नाही तर जुन्यावर परत जाता येतं का?

काही बोर्डांवर त्याच पद्धतीने जुनी फाइल टाकून जाता येतं, काहींवर नवा बायोस जुन्याला नकार देतो. हे फ्लॅश करण्याआधीच त्या बायोसच्या माहितीत वाचायचं असतं. आणि आपल्या उदाहरणात ५७००एक्स३डी बसलेला असताना त्याला न ओळखणारा बायोस परत टाकला तर पीसी सुरूच होणार नाही. मागे जायचंच असेल तर प्रोसेसरच्या यादीत दिलेल्या व्हर्जनच्या खाली उतरू नका, आणि जुना ३६०० विकायची घाई नवा प्रोसेसर आठवडाभर नीट चालेपर्यंत करू नका.